दिग्दर्शनाच्या कोर्ससाठी स्टेटमेंट आणि पोर्टफोलिओ नोट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फिल्म स्कूलच्या अर्जांचा हंगाम आला की माझ्या फोनवर स्टेटमेंटं येऊन पडतात. कुणाचा भाऊ, कुणाच्या ऑफिसातल्या बाईंची मुलगी, कुणी कॉलेजच्या नाटकात भेटलेलं. मी दिग्दर्शन शिकलो, पोटासाठी एडिटिंग करतो, आणि दादरच्या एका एडिट रूममध्ये रेंडर चालू असताना ही पानं वाचतो. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून एकदाच लिहून ठेवतोय. बरीचशी उत्तरं काळाचौकीच्या एका मुलीच्या अर्जाभोवती फिरतात. तिला विचारून, नाव गाळून लिहिलंय.

स्टेटमेंट आणि पोर्टफोलिओ नोट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत का?

हो. निम्मे जण तोच मजकूर दोन्हीकडे चिकटवतात. स्टेटमेंटमध्ये तुम्ही असता: कुठे उभे राहून जग बघता, काय दिसतं, काय शिकायचं राहिलंय. पोर्टफोलिओ नोटमध्ये काम असतं: ही फिल्म कशी झाली, कुठला निर्णय कुणी घेतला, काय फसलं. वाचणारा आधी स्टेटमेंट वाचतो, मग फिल्म लावतो, आणि नोट हातात धरून दोन्ही जुळतात का ते बघतो. स्टेटमेंटमध्ये ‘मला माणसांच्या शांततेत रस आहे’ आणि फिल्ममध्ये पहिल्या मिनिटापासून पियानो, असं झालं की तुम्ही तिथेच उघडे पडता.

कोण काय आणि कधी मागतं, हे जागेवर अवलंबून आहे. पुण्याच्या एफटीआयआयला आधी लेखी परीक्षा असते. गोरेगावच्या चित्रनगरीतल्या किंवा इतर खासगी संस्था साधारणपणे अर्जासोबतच लिखाण मागतात. पॅरिसच्या ला फेमिसच्या प्रवेशात तर दिलेल्या विषयावर शोध घेऊन अख्खी फाईल करून द्यावी लागते. म्हणून त्या वर्षीचं माहितीपत्रक उघडा, शब्दमर्यादा वहीच्या पहिल्या पानावर लिहा, मगच पुढे जा.

सुरुवात कशी करू? पहिल्या वाक्यावरच अडकलोय.

काळाचौकीच्या मुलीचं पहिलं वाक्य होतं: ‘लहानपणापासूनच मला सिनेमाची प्रचंड आवड होती आणि सिनेमा हा समाजाचा आरसा आहे असे मी मानते.’ पुढे अर्धं पान त्याच चालीत. त्यात खोटं काही नव्हतं, पण ते वाक्य अर्ज करणाऱ्या कुणाच्याही तोंडी शोभलं असतं.

मी तिला विचारलं, शाळेतून आल्यावर तू कुठे असायचीस? म्हणाली, गिरणीत. त्यांची चाळीच्या तळमजल्यावर पिठाची गिरणी आहे आणि संध्याकाळी वजन करायला ती बसायची. हे स्टेटमेंटमध्ये कुठेच नव्हतं. ‘त्यात काय सांगायचं?’ असं तिचं म्हणणं. मग तासभर ती गिरणीबद्दलच बोलली. बाजरीनंतर लगेच गहू टाकला की पिठात आधीचं थोडं उतरतं, म्हणून बायका डबा ठेवतानाच सांगतात, ‘गव्हावर दे हं, बाजरीवर नको.’ पट्टा फिरत असताना कुणाचंच काही ऐकू येत नाही, सगळं हातवाऱ्यांवर चालतं. आणि दळणाच्या वजनावरून घरात माणसं किती ते कळतं.

घरी जाऊन तिने लिहिलेला पहिला परिच्छेद असा झाला:

‘आमच्या गिरणीत बोललेलं ऐकू येत नाही, त्यामुळे बाबा गिऱ्हाईकाच्या तोंडाकडे बघत नाहीत, डब्याकडे बघतात. सातवीत असल्यापासून संध्याकाळी मी काट्यावर बसायचे. दुसऱ्या मजल्यावरच्या आजींचं दळण महिन्याला दहा किलो असायचं. एका दिवाळीनंतर ते चार किलो आलं. बाबांनी काट्याकडे पाहिलं, पिशवी उचलली आणि त्या दिवशी त्यांचं दळण पहिलं घेतलं. आजींचा मुलगा आणि सून बदलापूरला राहायला गेल्याचं आईकडून आठवड्याने कळलं.’

इथे ‘मी संवेदनशील आहे’ असं म्हटलेलं नाही, ‘निरीक्षण’ हा शब्दही नाही. पण वाचणाऱ्याला दोन गोष्टी कळतात. बातमी चेहऱ्यावर नव्हती, काट्यावर होती, आणि ती या मुलीने पाहिली. शिवाय बाबांच्या मनात काय आलं ते तिने सांगितलं नाही, त्यांनी काय केलं ते सांगितलं. दळण पहिलं घेतलं. पुढे जो तिची पटकथा वाचणार आहे, त्याला हेच हवं असतं.

या परिच्छेदाच्या शेवटी तिने आधी आणखी एक वाक्य लिहिलं होतं: ‘त्याच क्षणी मी ठरवलं की मला दिग्दर्शक व्हायचं आहे.’ ते काढायला लावलं. सातवीतल्या मुलीने काट्यावर बसून असं काही ठरवलेलं नसतं, आणि वाचणाऱ्यालाही ते ठाऊक असतं.

माझं बालपण अगदी साधं. बोरिवलीत फ्लॅट, आईबाबा नोकरीला. सांगण्यासारखं दुःख नाही.

दुःख कुणी मागितलेलं नाही. उलट गरिबी आणि आजारपण ओळीने मांडणारी स्टेटमेंटं इतकी येतात की वाचणारा सावध झालेला असतो. एका मुलाने लिहिलं होतं, त्यांच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये शेजारी एकमेकांशी बोलतात, पण तेच शेजारी स्टेशनवर भेटले की ओळख दाखवत नाहीत. तेवढ्यावर त्याने दीड पान लिहिलं आणि ते चांगलं होतं.

‘हाच कोर्स का?’ या भागात काय लिहायचं?

संस्थेचं कौतुक नको. त्यांच्याच वेबसाइटवरची वाक्यं त्यांना परत वाचायला लावू नका. तुम्हाला आज काय येत नाही ते लिहा, पण नेमकं. ‘मला सिनेमाचं तंत्र शिकायचं आहे’ हे नेमकं नाही.

तिने असं लिहिलं: फिल्ममध्ये आजींचं काम चाळीतल्याच एका आजींनी केलं. कॅमेरा नसताना त्या सहज वागायच्या, ‘घे’ म्हटलं की ताठ व्हायच्या आणि लेन्सकडे बघायच्या. मी त्यांना सूचना देत गेले तसं ते बिघडत गेलं. शेवटी डब्याचं झाकण घट्ट बसवून ठेवलं आणि ते उघडायला सांगितलं, तेव्हा त्या कॅमेरा विसरल्या. पण तो तोडगा मला योगायोगाने सापडला. नटाला भावना न सांगता काम कसं द्यायचं, हे मला पद्धतीने शिकायचं आहे.

या एका परिच्छेदात तिने अडचण सांगितली, स्वतः केलेली खटपट सांगितली आणि कोर्सकडून काय हवं तेही सांगितलं. अभ्यासक्रमात अभिनेत्यांबरोबरच्या कामाचे सराव असतील तर त्याचा उल्लेख इथे आपोआप बसतो.

आवडत्या दिग्दर्शकांची नावं लिहावीत का?

यादी नको. तीन खंडांतली तीन मोठी नावं ओळीने आली की ती सगळ्यांनी कुठून उचललीत ते कळतं. एखाद्या फिल्मचा एखादा प्रसंग तुम्ही पुन्हापुन्हा पाहिला असेल आणि त्यात कॅमेरा कुठे आहे, कुठे हलत नाही, हे सांगता येत असेल तर लिहा. मुलाखतीत त्याच नावावर तीन प्रश्न येतील, एवढं धरून चला.

पोर्टफोलिओत किती कामं टाकू? शोरील करू का?

संख्या सांगितली असेल तर तेवढीच. नसेल तर एक, फार तर दोन. पाच कामं टाकली तर वाचणारा सगळ्यात कच्चंच आधी उघडणार, असं समजून चाला.

दिग्दर्शनासाठी शोरील जवळजवळ निरुपयोगी आहे. कॅमेरामनच्या हाताचा अंदाज दीड मिनिटाच्या सुंदर तुकड्यांवरून येतो. दिग्दर्शकाचं काम मात्र दोन शॉटांच्या मध्ये असतं: माणूस दारातून आत कसा आला, कधी बसला, कट कधी झाला. त्यासाठी अखंड प्रसंग लागतो. तीन मिनिटांचा एक धड प्रसंग दाखवा, आणि आधी शीर्षकं, निर्मात्यांचे आभार, काळा पडदा यात मिनिट घालवू नका.

पोर्टफोलिओ नोट नेमकी कशी लिहायची? नमुना मिळेल का?

नमुना देतो, पण तो कसा तयार झाला ते महत्त्वाचं आहे.

तिच्या फिल्मचं नाव ‘गव्हावर’. सात मिनिटं, फोनवर घेतलेली. गोष्ट तीच: आजी येतात, दळण कमी आहे, गिरणीवाल्याच्या लक्षात येतं. पहिल्या नोटमध्ये तिने फिल्मचा अर्थ लिहिला होता: ‘विभक्त होत चाललेली कुटुंबं आणि महानगरातला एकटेपणा यावर ही फिल्म भाष्य करते.’ नोटमध्ये अर्थ सांगितला की फिल्मला काही काम उरत नाही. आणि फिल्ममध्ये तो अर्थ पोचला नसेल, तर नोट वाचून तो पोचत नाही.

मी तिला एवढंच म्हटलं, तू काय बदललंस ते लिही. तेव्हा खरी गोष्ट बाहेर आली. पहिल्या कटमध्ये तिने काटा दाखवला होता, अगदी जवळून, आकडा ४.०२०. तिला वाटलं झालं. चार मैत्रिणींना दाखवलं, एकीलाही कळलं नाही. सरळ आहे, प्रेक्षकाला आधीचा आकडा माहीतच नव्हता. काट्यावर बसणाऱ्या मुलीला चार किलो म्हणजे धक्का. फिल्म बघणाऱ्याला चार किलो म्हणजे चार किलो.

मग तिने आधी संवाद घालून बघितला. गिरणीवाला विचारतो, ‘आजी, एवढंच?’ आणि आजी सांगतात, ‘मुलगा गेला ना बदलापूरला.’ कळलं सगळ्यांना, पण प्रसंग मेला. नंतर मागच्या महिन्यांची वही दाखवून बघितली, तर प्रेक्षक अक्षर लावत बसले. शेवटी उत्तर डब्यात सापडलं. डबा जुनाच ठेवला, मोठा पत्र्याचा, आणि गहू तळाला. वरून एक शॉट. हा डबा पूर्वी भरून यायचा हे कुणाला सांगावं लागत नाही, कारण चार किलोंसाठी एवढा डबा कुणी विकत घेत नाही. आधी आणि आता, दोन्ही एका चौकटीत आले. तेवढ्यासाठी ती एका सोमवारी परत शूट करायला गेली.

अंतिम नोट अशी झाली:

‘गव्हावर. कथापट, ७ मिनिटं, मराठी, इंग्रजी सबटायटल्ससह. लेखन, दिग्दर्शन आणि एडिट माझं. कॅमेरा वर्गमित्राचा, चौकटी आम्ही दोघांनी जागेवर ठरवल्या. काम करणारे दोघंही नट नाहीत.

गिरणीवाल्याला न बोलता कळतं आणि प्रेक्षकालाही न बोलता कळावं, हा माझा प्रयत्न होता. पहिल्या कटमध्ये मी काट्याचा आकडा दाखवला होता. तो माझ्यासाठी बोलका होता, कारण आधीचे आकडे मला पाठ होते. प्रेक्षकाला ते माहीत नसतात, हे दाखवल्यावरच कळलं. संवाद घालून पाहिला आणि काढला. मग मोठ्या डब्यात तळाला गहू असा शॉट नव्याने घेतला (२ मि. १० से.). त्यानंतर आधीचे दोन शॉट अनावश्यक झाले, ते काढले.

आवाजात मी कमी पडले आहे. गिरणी बंद होते त्या क्षणी शांतता हवी होती, पण फोनने आवाजाची पातळी आपोआप वाढवल्यामुळे पंख्याची घरघर वर येते (५ मि. ४० से.). नंतर वेगळी रेकॉर्ड केलेली खोलीची शांतता तिथे टाकली आहे, तरी जोड ऐकू येतो.’

एवढंच. दीडशे शब्दही नाहीत. मिनिट-सेकंद लिहिल्यामुळे वाचणारा नेमक्या जागी जातो, आणि तिथे तुम्ही म्हणता तेच आहे का हे त्याला तपासता येतं.

चुका स्वतःहून का सांगायच्या? त्यांच्या लक्षातही आल्या नसत्या.

आल्या असत्या. पंख्याची घरघर त्या खोलीतल्या साउंडवाल्या प्राध्यापकांना तुमच्या आधी ऐकू येते. प्रश्न असतो तो तुम्हाला ती ऐकू आली का, एवढाच.

चूक सांगताना तिचं कारण सांगा, सबब सांगू नका. ‘बजेट नव्हतं’ ही सबब. ‘फोन आवाजाची पातळी आपोआप ठरवतो, मोठा आवाज थांबला की तो बारीक आवाज ओढून वर आणतो, हे मला आधी माहीत नव्हतं’ हे कारण. अर्थात चार-पाच चुका ओळीने लिहून रडगाणं करू नका. एक पुरे, जिच्यातून तुम्ही काही केलंत ती.

जाता जाता: ट्यूबलाइटखाली फोनवर शूट करताना चित्रात पट्टे सरकताना दिसत असतील, तर शटर १/५० किंवा १/१०० वर बांधून घ्या. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे. ही चूक कबूल करण्यापेक्षा टाळणं सोपं.

फिल्म ग्रुपने केली. ‘मी’ लिहू की ‘आम्ही’?

इथे माझं स्वतःचंच सांगतो. पहिल्या वर्षी एका संस्थेच्या मुलाखतीला गेलो तेव्हा नोटमध्ये ‘दिग्दर्शन आणि एडिट: मी’ असं ठोकून दिलं होतं. प्रत्यक्षात एडिटला मी मित्राच्या मागे खुर्चीवर बसून ‘हां, हे छान’ म्हणत होतो. एका बाईंनी विचारलं, मुलगा जिना उतरतो तिथे तू तो शेवटच्या पायरीआधीच का कापलास? मला तो कट तसा आहे हेच आठवत नव्हतं. मी काहीतरी ‘लय’ वगैरे बोललो. त्यांनी पेन खाली ठेवलं. त्या वर्षी माझं झालं नाही, आणि व्हायलाही नको होतं.

तर, जे तुम्ही केलं त्याला ‘मी’, जे दुसऱ्याने केलं त्याला त्याची भूमिका लिहा. मित्राची एखादी सूचना तुम्ही स्वीकारली असेल तर तेही सांगा. दुसऱ्याची चांगली सूचना ओळखून घेणं हेही दिग्दर्शकाचंच काम आहे. तुमचा कॅमेरामनही त्याच वर्षी अर्ज करत असेल तर दोघांनी नोटा समोरासमोर ठेवून वाचा. एकाच शॉटची कल्पना दोघांच्या नावावर निघाली तर दोघांचीही पंचाईत.

माझ्याकडे फिल्म नाही, एकांकिका आहेत. चालेल?

मुंबईतल्या मराठी मुलांचा हा नेहमीचा प्रश्न. आयएनटी, सवाई अशा एकांकिका स्पर्धा, कॉलेजचे फेस्टिव्हल यात तीन-चार वर्षं गेलेली असतात, आणि हातात असतं ते शेवटच्या रांगेतून घेतलेलं पाऊण तासाचं रेकॉर्डिंग. त्यात नट मुंगीएवढे आणि खोकला मोठा. ते अख्खं पाठवू नका.

तीन मिनिटांचा एक प्रसंग काढा, आणि नोटमध्ये त्या प्रसंगाच्या बसवणुकीतला एक निर्णय लिहा. एका मुलाने लिहिलं होतं: बाप आणि मुलगा भांडतात तेव्हा तालमीत दोघं एकमेकांसमोर उभे होते. नंतर बापाला मी पाठमोरा बसून चप्पल शिवायला लावलं, तेव्हा मुलाला आवाज चढवायचं कारण मिळालं. हे वाचून रेकॉर्डिंग कितीही वाईट असलं तरी लोक बघतात.

त्याच्या जोडीला फोटोंची एक मालिका द्या, नियम आडवा येत नसेल तर. आठ-दहा चित्रं, एकाच जागेची, एका क्रमाने. रंगमंचावर प्रेक्षक कुठे बघेल ते तुम्ही सुचवता, पण चौकट तुमची नसते. फोटोंमधून तेवढं दिसतं: काय आत घेतलं, काय बाहेर ठेवलं. नाटकातून आलात याची लाज बाळगू नका आणि त्याचा तोराही मिरवू नका.

लोकलच्या दारातले शॉट, मरीन ड्राइव्ह, विसर्जन... मुंबई दाखवायला नको का?

मुंबईहून येणाऱ्या फिल्ममध्ये दारात लटकणारा मुलगा आणि मागे सरकणारे रूळ इतके असतात की आता त्यातून फक्त ‘ही मुंबई आहे’ एवढंच कळतं. शिवाय लोकलमध्ये आणि फलाटावर शूटिंगला रेल्वेची परवानगी लागते. चोरून घेतलेल्या शॉटबद्दल विचारलं तर काय सांगणार आहात, ते आधी ठरवा. आणि अनोळखी बायकांचे झोपलेले चेहरे जवळून घेऊन त्यावर कविता लावणं, हे मला तरी अजिबात पटत नाही.

‘गव्हावर’मध्ये मुंबई एकदाच दिसते. पिठाने पांढरी झालेली जाळीची खिडकी, आणि पलीकडून जाणाऱ्या बसचा लाल रंग. पुरली.

गाजलेलं गाणं पार्श्वसंगीत म्हणून वापरलंय. अडचण येईल?

हक्कांचा प्रश्न आहेच, अपलोड करताना लिंक अडकू शकते ती वेगळी. पण त्याआधी आवाज बंद करून फिल्म बघा. प्रसंग उभा राहत नसेल तर भावना गाण्याची होती, तुमची नव्हती.

मराठीत लिहू की इंग्रजीत?

संस्थेने सांगितलेल्या भाषेत. पण कच्चं लिखाण मराठीतच करा. गिरणीची मुलगी आधी थेट इंग्रजीत लिहीत होती, म्हणून ते ‘सिनेमाची आवड’वालं पान तयार झालं. शाळेत शिकलेल्या निबंधाच्या इंग्रजीत ‘दळण पहिलं घेतलं’ असलं काही सुचतच नाही.

सबटायटल्सना वेळ ठेवा. ‘गव्हावर दे’ याचं भाषांतर करायला तिला दोन दिवस लागले. शब्दशः केलं तर अर्थ लागत नाही, समजावून सांगितलं तर तीन ओळी होतात आणि शॉट दोन सेकंदांचा. शेवटी ‘बाजरीनंतर नको’ एवढ्याच अर्थाचं वाक्य ठेवलं. फिल्मचं नाव तसंच मराठी राहू दिलं. सबटायटल्स चित्रावरच कायमची उमटवून टाका. वेगळी फाईल जोडली तर समोरच्याच्या मशीनवर ती उघडेलच याचा भरवसा नाही.

लिंक कशी द्यावी?

ड्राइव्हवर फाईल टाकली की ती मुळात `Restricted` असते. ती बदलून `Anyone with the link` करा. यूट्यूबवर असेल तर `Unlisted` ठेवा, `Private` नको. मग ती लिंक आईच्या फोनवर, आईच्या अकाउंटवरून उघडून बघा. स्वतःच्या फोनवर ती उघडणारच, त्याने काही सिद्ध होत नाही. निकाल लागेपर्यंत त्या लिंकला हात लावू नका. ‘थोडा सुधारलेला कट’ नव्याने चढवला की बहुतेक वेळा लिंकच बदलते, आणि नोटमधले मिनिट-सेकंदही चुकतात.

पैसे घेऊन स्टेटमेंट लिहून देणारे आहेत. घ्यावं का?

त्यांची तीन पानं वाचली की चौथं न वाचता सांगता येतं. प्रत्येकात एक आजी असते, तिच्या गोष्टी असतात आणि शेवटी पडद्यावरचा प्रकाश असतो. दुसऱ्याकडून वाचून जरूर घ्या. पण त्याने वाक्यं लिहू नयेत, प्रश्न विचारावेत. मी गिरणीच्या मुलीचं एकही वाक्य लिहिलेलं नाही, दोन खोडली तेवढी.

शब्दमर्यादा पाचशे आणि माझं आठशे झालंय. काय काढू?

आधी शेवटचा परिच्छेद काढा, तो बहुतेक वेळा पहिल्याचीच उजळणी असतो. मग विशेषणं. मग शाळेतली बक्षिसं. तरी जास्त असेल तर तुमच्याकडे दोन प्रसंग आहेत, त्यातला एक ठेवा.

मुलाखतीत यातलं काय विचारतात?

जे लिहिलंय तेच. म्हणून जाण्याआधी दोन्ही पानं परत वाचा आणि फिल्म सलग बघा, मध्ये न थांबवता. अर्ज भरून महिने उलटलेले असतात, आपलेच कट आपण विसरतो.

तिला फिल्मबद्दल पहिलाच प्रश्न असा आला: स्टेटमेंटमध्ये तुला सगळं काट्यावर कळलं म्हणतेस, मग फिल्ममध्ये काटा का नाही? नोटमध्ये उत्तर होतं, तरी तोंडून ऐकायचं होतं. तिने सांगितलं की काटा मला कळतो, तुम्हाला डबा कळतो. त्यावर एकांनी विचारलं, आणि गिरणीवाल्याला? तो तर रोज काट्यावर असतो, तुझ्या फिल्ममध्ये तो डब्यात का डोकावतो? ती गप्प झाली. मग म्हणाली, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. त्याने काट्याकडे बघायला हवं होतं आणि डबा फक्त आपल्याला दिसायला हवा होता. पुढची दहा मिनिटं कॅमेरा कुठे ठेवला असता तर ते जमलं असतं, यावरच बोलणं झालं. कुणीतरी कागद दिला आणि तिने त्यावर गिरणीचा नकाशा काढला.